तुरीची डाळ मिल: आधी गावाची भरडाई, मग स्वतःची खरेदी

प्रश्न: आमच्या गावात बारा महिलांचा बचत गट आहे आणि त्यांच्याच घरच्या मंडळींचा शेतकरी उत्पादक गटही आहे. दोघांनी मिळून करता येईल असा व्यवसाय सुचवा. पापड-लोणच्यात विक्री जमली नाही. तूर भरपूर पिकते म्हणून डाळ मिलचा विचार आहे, पण त्यात पैसे अडकतील अशी भीती वाटते.

उत्तर:

डाळ मिल घ्यावी, असे माझे मत आहे. मात्र पहिल्या हंगामात गटाने एक क्विंटलही तूर विकत घेऊ नये. पहिले वर्ष फक्त गावकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून द्यावी. पैसे अडकण्याची आपली भीती रास्त आहे आणि या व्यवसायात ते यंत्रात फारसे अडकत नाहीत, विकत घेऊन ठेवलेल्या तुरीत अडकतात. अनेक गटांच्या डाळ मिल उभ्या राहताना आणि काही बंद पडताना मी जवळून पाहिल्या आहेत. ज्या बंद पडल्या, त्यांपैकी बहुतेकींनी यंत्र आल्याच्या महिन्यातच घरोघरी तूर खरेदी केली होती.

पापड, लोणची, शेवया या पदार्थांना गिऱ्हाईक बाहेर शोधावे लागते आणि प्रत्येक गावात तेच पदार्थ करणारा दुसरा गट असतो. अवजारे भाड्याने देण्याचे केंद्र शेतकरी गटाला चांगले जमते, पण त्यात महिलांच्या हाताला काम राहत नाही. डाळ मिलमध्ये कच्चा माल शेतकरी गटाचा, प्रक्रिया महिलांची आणि पहिले गिऱ्हाईक गावातलेच, अशी जोडणी आपोआप होते. आज गावातली कुटुंबे वर्षाच्या डाळीसाठी तूर शहरातल्या गिरणीवर नेतात, जात्यावर भरडतात किंवा सरळ तूर विकून दुकानातली डाळ आणतात. भरडाईची सेवा गावात मिळाली तर ती लागणार आहे, हे गृहीत धरण्याऐवजी मोजता येते. यंत्राची चौकशी करण्यापूर्वी दोन्ही गटांनी आपल्या आणि शेजारच्या दोन-तीन गावांतल्या घरांची यादी करावी. कोण घरच्यासाठी तूर राखून ठेवतो, किती ठेवतो, आज कुठे भरडतो आणि काय देतो, एवढे चार प्रश्न पुरेत. पाच-सहा माणसांच्या घराला वर्षाला पाऊण ते एक क्विंटल तूर लागते असे धरले, तर ३०० घरांमागे साधारण २२५ ते ३०० क्विंटलचे काम निघते. यादीत २०० क्विंटलही भरत नसतील तर यंत्र घेऊ नये, शेजारच्या गावातल्या गटाबरोबर मिळून विचार करावा.

आता प्रक्रियेबद्दल सविस्तर लिहितो, कारण नफा-तोटा तिथेच ठरतो. सगळ्या कडधान्यांत तूर सोलायला अवघड मानली जाते. तिचे टरफल आतल्या दलांना डिंकासारख्या थराने घट्ट चिकटलेले असते. तो थर सैल केल्याशिवाय तूर यंत्रात घातली की टरफल निघण्याआधी डाळच घासली जाते आणि तिचे पीठ होते. शंभर किलो तुरीत टरफल साधारण १२ ते १५ किलो असते, म्हणजे डाळ ८५ किलोपर्यंत निघायला हवी. पण काही भाग तुकडा आणि पीठ होऊन जातो. लहान मिलवर नीट काम केले तर ७० ते ७५ किलो अखंड डाळ हाती येते. घाई केली तर हाच आकडा ६५ पर्यंत खाली येतो.

पारंपरिक पद्धतीत तूर पाण्यात भिजवून, लाल माती लावून वाळवतात. त्या डाळीचे टरफल चांगले निघते, पण ती शिजायला वेळ घेते. लहान मिलसाठी तेल-पाण्याची कोरडी पद्धत सोयीची आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल विदर्भात बऱ्याच गावांत याच पद्धतीने चालते. पहिल्या दिवशी तूर चाळून काडीकचरा, खडे आणि बारीक दाणे वेगळे करावेत. मोठा आणि बारीक दाणा एकत्र भरडला तर मोठा फुटतो आणि बारीक न सोलताच बाहेर पडतो, म्हणून प्रतवारी टाळू नये. पांढऱ्या आणि लाल तुरीचे वाणही एका लॉटमध्ये मिसळू नयेत. बीडीएन-७११ आणि बीएसएमआर-७३६ ही दोन्ही आपल्याकडे पेरली जातात, पण पहिली पांढरी आणि दुसरी लाल असल्याने त्यांची डाळ एकत्र केली की ती मिसळीची दिसते.

चाळलेली तूर एकदा एमरी रोलरमधून, म्हणजे खरखरीत रुळावरून, हलकी खरडून घेतात. इथे टरफल काढायचे नसते, त्याला फक्त ओरखडे पाडायचे असतात, म्हणजे तेल आत शिरते. मग क्विंटलला साधारण अर्धा किलो खाद्यतेल हाताने चोळून तूर रात्रभर ढिगात झाकून ठेवतात. नंतर दोन दिवस उन्हात पसरतात आणि रोज संध्याकाळी पुन्हा ढीग करून ताडपत्रीने झाकतात. रात्री झाकण्याचे कारण केवळ दव नाही. दिवसाची ऊब ढिगात टिकली की तेल टरफलाखाली मुरत राहते. दुसऱ्या संध्याकाळी क्विंटलला तीन ते चार लिटर पाणी शिंपडून तूर सारखी हलवतात आणि रात्रभर मुरवतात. पाण्याने दल किंचित फुगते आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात आक्रसते. या हालचालीत टरफल सुटते. तूर पुरती वाळली की ती सोलणी आणि फोडणीसाठी यंत्रात जाते. जे दाणे न सोलता राहतात ते चाळणीवर वेगळे निघतात; त्यांना पुन्हा थोडे तेल-पाणी दाखवून दुसऱ्या फेरीत घ्यावे लागते. एकाच फेरीत सगळे दाणे सोलण्यासाठी रोलर घट्ट करण्याचा मोह होतो, आणि सर्वांत जास्त डाळ तिथेच वाया जाते.

यंत्र ठीक चालले आहे की नाही, हे बाहेर पडणाऱ्या मालावरून कळते. चाळणीखाली पिवळे पीठ जास्त पडत असेल तर रोलरची फट फार कमी आहे किंवा तूर गरजेपेक्षा जास्त वेळ आत राहते आहे. डाळीचे तुकडे जास्त होत असतील तर तूर अति वाळली आहे किंवा प्रतवारी झालेली नाही. डाळीच्या कडेला टरफलाची तपकिरी चकती चिकटून राहत असेल तर तेल मुरायला वेळ कमी मिळाला आहे. तेव्हा रोलर न छेडता तो लॉट आणखी एक रात्र ढिगात ठेवावा. डाळ मळकट दिसली तर पाणी जास्त झाले किंवा नंतरचे ऊन अपुरे पडले असे समजावे. यंत्र चालवणाऱ्या दोघी-तिघींना ही चिन्हे पाठ हवीत. म्हणून पहिल्या हंगामात यंत्रावर रोज वेगवेगळ्या महिला पाळीने बसवू नयेत. सगळ्यांना समान काम मिळावे ही गटाची इच्छा योग्य आहे, आणि ती चाळणी, वाळवण व पाखडणीच्या कामात पूर्ण करता येते.

या वर्णनावरून एक गोष्ट लक्षात आली असेल की एका लॉटला चार ते पाच दिवस लागतात. विक्रेता सांगतो की यंत्र तासाला एक क्विंटल काढते, आणि तो आकडा फारसा चुकीचा नसतो. पण मिलची खरी क्षमता वाळवणाच्या खळ्यावर ठरते. तूर एक इंच जाडीच्या थरात पसरली तर क्विंटलला सुमारे ५० चौरस फूट जागा लागते. रोज पाच क्विंटल भरडायचे असतील आणि प्रत्येक लॉट तीन दिवस उन्हात राहणार असेल, तर कोणत्याही दिवशी १५ क्विंटल तूर पसरलेली असते, म्हणजे ७५० चौरस फूट आणि ये-जा करण्याची वाट धरून हजार चौरस फूट. सिमेंटचे खळे किंवा स्वच्छ गच्ची, कुंपण आणि जवळच झाकलेली खोली अशी जागा आधी निश्चित करावी. मी पाहिलेल्या एका गटाने ग्रामपंचायतीच्या जवळची छोटी खोली मिळाली म्हणून यंत्र तिथे बसवले. वाळवण मात्र सदस्यांच्या अंगणांत विखुरले, कोंबड्या-शेळ्यांनी माल खाल्ला, एका घरची तूर दुसऱ्या घरच्या तुरीत मिसळली आणि दिवसाला दोन क्विंटलच्या वर काम कधी गेले नाही.

हंगामही उन्हाशीच बांधलेला आहे. तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते आणि भरडाईचे खरे दिवस जानेवारी ते मे असतात. पावसाळा लागला की वाळवण थांबते. मार्चनंतर हरभरा हाताशी येतो. त्याचे टरफल तुरीपेक्षा सहज सुटते, म्हणून त्याच यंत्रावर हरभरा डाळ करणे सोपे जाते. मूग आणि उडीद पावसाळ्याच्या शेवटी येतात, पण त्यांचे टरफलही चिकट असते आणि दाणा लहान असतो. पहिल्या वर्षी त्यांची कामे घेऊ नयेत. थोडक्यात, वर्षाचे बारा महिने रोजगार मिळेल असे सदस्यांना सांगू नये.

मजुरीवरच्या भरडाईत सर्वांत मोठे भांडण वजनाचे होते आणि ते बहुधा अज्ञानातून होते. एका गावात शेतकऱ्याने १०० किलो तूर दिली. त्याला डाळ, चुरी आणि कोंडा मिळून ९३ किलो परत मिळाले. सात किलो तूर बायकांनी ठेवून घेतली, असे त्याने चारचौघांत म्हटले आणि त्यानंतरचे दोन आठवडे मिलवर कोणी फिरकले नाही. झाले असे होते की त्याची तूर नुकतीच मळलेली होती. तिच्यात ओलावा १४ टक्के असेल आणि भरडताना तो ९ टक्के राहिला असेल, तर १०० किलोचे वजन केवळ वाळण्याने साडेचौऱ्याण्णव किलोवर येते. उरलेली दीड किलो माती, खडे आणि उडालेली भुकटी होती. गटाने चोरी केली नव्हती, पण हे आधी सांगितलेही नव्हते. म्हणून ओलावामापक घ्यावा. तूर घेताना मालकासमोर चाळून वजन करावे, ओलावा मोजावा आणि दोन्ही आकडे पावतीवर लिहून, वाळल्यावर वजन किती राहील याचा अंदाज त्याच पावतीवर द्यावा. मापक बिघडला असेल तर जुनी परीक्षा उपयोगी पडते: दाणा दाताखाली धरल्यावर कट्कन तुटला पाहिजे, दबला तर तूर ओली आहे. एका घरची तूर ५० किलोपेक्षा कमी असेल तर तिचा वेगळा लॉट परवडत नाही. अशा वेळी त्याच वाणाच्या तीन-चार घरांचा एकत्र लॉट करून डाळ वजनाच्या प्रमाणात वाटावी, आणि यासाठी संमतीची सही आधी घ्यावी.

आता आकडे मांडतो. ते उदाहरणादाखल धरलेले आहेत. दर आपल्या गावातले घालून हाच हिशोब पुन्हा करावा. समजा पहिल्या हंगामात ३०० क्विंटल तूर आली आणि भरडाई क्विंटलला ७०० रुपये ठरली, तर उत्पन्न २ लाख १० हजार होते. तीन महिला ७५ दिवस ३५० रुपये रोजाने काम करतील, त्याचे ७८,७५० रुपये. तेलाला क्विंटलमागे ७५ रुपये धरून २२,५०० आणि विजेला ५० रुपये धरून १५,०००. जागाभाडे २४,००० आणि चाळण्या, पट्टा, एमरीची दुरुस्ती १०,०००. एकूण खर्च सुमारे १ लाख ५० हजार, आणि हातात ६० हजार राहतात. यंत्र, बसवणी, वजनकाटा, ओलावामापक आणि ताडपत्र्या मिळून अडीच लाख लागले आणि त्यातील अनुदान वजा जाता पावणेदोन लाखांच्या आत कर्ज राहिले, तर वर्षाचा हप्ता चाळीस हजारांच्या आसपास येईल. म्हणजे पहिल्या वर्षी गटाच्या खात्यात वीसएक हजार आणि महिलांच्या हातात पाऊण लाखाची मजुरी राहते. आकडा लहान वाटेल, पण यात एक रुपयाची तूर विकत घेतलेली नाही आणि बाजारभाव काहीही झाला तरी गटाचे नुकसान नाही. शिवाय त्या हंगामात यंत्रावरच्या महिलांचा हात बसतो, आणि तो बसल्याशिवाय पुढचा हिशोब जुळत नाही.

कोंड्याचा, म्हणजे चुनीचा, मालक कोण हेही दर ठरवतानाच लिहून ठेवावे. चुनी जनावरांना चालते आणि दूधवाले ती विकत घेतात. शेतकऱ्याने चुनी मिलकडेच ठेवली तर भरडाईचा दर कमी करता येतो. दोन्ही पर्याय पावतीवर छापून त्याला निवड करू द्यावी.

दुसऱ्या वर्षी खरेदी करून स्वतःच्या नावाने डाळ विकायची असेल तर एका क्विंटलचा हिशोब असा दिसतो. तूर ८,००० रुपयांना घेतली असे धरू. २०२५-२६ च्या हंगामाचा तुरीचा हमीभाव एवढाच होता. तिच्यातून ७२ किलो डाळ, ५ किलो चुरी आणि १८ किलो चुनी निघाली, पाच किलो घट गेली. डाळ गिऱ्हाइकाला थेट १२५ रुपये किलोने, चुरी ६० ने आणि चुनी १८ ने गेली, तर एकूण ९,६२४ रुपये येतात. भरडाईचा स्वतःचा खर्च ५००, पिशव्यांचा २८८ आणि तूर सहा महिने पडून राहिली तर १२ टक्क्यांनी व्याज ४८०. सगळे धरून खर्च ९,२६८ रुपये, शिल्लक ३५६ रुपये. आता हात बसलेला नसल्याने डाळ ७२ ऐवजी ६५ किलो निघाली आणि ती सात किलो चुरीत गेली असे समजा: उत्पन्न ४५५ रुपयांनी घटते आणि क्विंटलला ९९ रुपये तोटा होतो. डाळ ७२ किलोच निघाली पण विक्री जमेना म्हणून व्यापाऱ्याला ११५ ने दिली, तर ७२० रुपये कमी येऊन तोटा ३६४ रुपयांवर जातो. हे दोन आकडे गटाच्या बैठकीत फळ्यावर लिहून सर्वांना समजावून सांगावेत. किलोमागे दहा रुपयांचा फरक पूर्ण नफा गिळून वर तोटा देतो, म्हणून डाळ कोणाला विकायची हे ठरल्याशिवाय तूर घेऊ नये.

गिऱ्हाइकांची आगाऊ यादी करणे हा मला सापडलेला सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. गावातून नोकरीसाठी शहरात गेलेली कुटुंबे, शाळेतले शिक्षक, दवाखान्यातले कर्मचारी, तालुक्याच्या सोसायट्या यांच्याकडून जानेवारीतच वर्षाच्या डाळीची मागणी लिहून घ्यावी आणि शक्य असेल तिथे किलोमागे थोडी आगाऊ रक्कम घ्यावी. मागणी ३० क्विंटल डाळीची आली तर ४२ क्विंटल तूर घ्यावी, त्याहून एक पोतेही जास्त घेऊ नये. भाव वाढेल म्हणून साठा करणे हा वेगळा धंदा आहे. भारतात म्यानमार, मोझांबिक, टांझानिया या देशांतून तूर आयात होते, आयातीचे धोरण बदलले की आठवड्यात दर खाली येतात, आणि ४ लाखांची तूर घेऊन बसलेल्या गटाला ते सोसत नाही.

या टप्प्यावर शेतकरी गटाची जबाबदारी सुरू होते. बाजारात भाव चढला की सदस्य ठरलेली तूर व्यापाऱ्याला देतात आणि मिल रिकामी राहते. तो त्यांचा स्वार्थ म्हणून सोडून देऊ नये, कराराची रचनाच तशी करावी. माझा सल्ला असा की तूर जमा करण्याच्या दिवशी बाजार समितीचा जो दर असेल त्याच्या ७० टक्के रक्कम लगेच द्यावी, आणि उरलेली डाळ विकल्यावर, दर वाढला असल्यास वाढीच्या ठरलेल्या हिश्श्यासह द्यावी. याने गटाचे खेळते भांडवलही कमी लागते: ४२ क्विंटलसाठी ३ लाख ३६ हजारांऐवजी सुमारे २ लाख ३५ हजार. हे लेखी असावे आणि पावती शेतकऱ्याच्या हातात असावी.

विकायच्या डाळीला पॉलिश करू नये. दुकानातल्या फटका डाळीसारखी चकाकी आणण्यासाठी तेल-पाण्याचा हात फिरवण्याचा आग्रह काही गिऱ्हाईक धरतील, पण आपले गिऱ्हाईक गावची बिनपॉलिश डाळ म्हणूनच येणार आहे. रंग तर कोणताही कधीच लावू नये. साठवणीत मात्र काळजी हवी. अख्ख्या तुरीला भुंगा लागतो. दाण्यावर पांढरे ठिपके दिसले तर ती त्याची अंडी असतात. डाळ फोडली की हा भुंगा तिच्यावर फारसा वाढत नाही, म्हणून घेतलेली तूर पावसाळ्यापर्यंत अख्खी ठेवण्यापेक्षा उन्हाळ्यातच डाळ करून, कडक वाळवून, हवाबंद पिशवीत ठेवावी.

कागदपत्रांबाबत मोजकेच सांगतो. डाळ विकण्यासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना, उलाढालीनुसार, आधी घ्यावा. पिशवीवर निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाची तारीख, पत्ता आणि तो क्रमांक छापावा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकबंद डाळीवर वस्तू व सेवा कर लागू आहे, तेव्हा दर ठरवण्यापूर्वी कर सल्लागाराशी एकदा बोलावे. वीजजोडणी औद्योगिक वापराची घ्यावी. शेतीपंपाच्या जोडणीवर मिल चालवली तर दंडाची वेळ येते.

यंत्र कोणाच्या नावावर असावे, हा प्रश्न गट टाळतात आणि नंतर पस्तावतात. दोन्ही गटांनी अर्धे-अर्धे पैसे घालून यंत्र घेतले तर बँकेला कर्जदार कोण ते कळत नाही आणि बिघाडाचा खर्च कोणी करायचा यावर वाद होतो. यंत्र एकाच संस्थेच्या नावावर घ्यावे. शेतकरी उत्पादक कंपनी नोंदलेली असेल तर ती मालक आणि महिला गट चालक, असा भाडेकरार करावा, ज्यात भाडे हंगामाचे असेल आणि मोठी दुरुस्ती मालकाकडे, रोजची देखभाल चालकाकडे असेल. कंपनी नसेल तर महिला गटाने ग्रामसंघाच्या मार्फत कर्ज घ्यावे आणि शेतकरी गट केवळ तूर पुरवणारा राहावा.

अनुदानाबद्दल आपण विचारले नाही, पण पैशाच्या भीतीशी त्याचा संबंध आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के कर्जाशी जोडलेले अनुदान आहे, तसेच अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटाच्या प्रत्येक सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे. राज्यात ही योजना कृषी विभाग राबवतो. आज अर्ज घेतले जात आहेत का आणि जिल्ह्याची संसाधन व्यक्ती कोण, हे तालुका कृषी कार्यालयात विचारावे. दोन गोष्टी मात्र नीट समजून घ्याव्यात. ३५ टक्के अनुदान रोख हाती येत नाही: ते कर्जखात्याशी बांधून ठेवले जाते आणि तीन वर्षे हप्ते नियमित भरल्यावर कर्जात वळते होते. एक-दोन वर्षांत मिल बंद पडली तर ते मिळत नाही. आणि बीजभांडवल हे सदस्यांना वाटायचे पैसे नाहीत. ते खेळते भांडवल आणि लहान साधनांसाठी कर्ज म्हणून दिले जाते आणि फिरते राहणे अपेक्षित असते. अनुदान जास्त मिळते म्हणून गरजेपेक्षा मोठे यंत्र सुचवणाऱ्या विक्रेत्याचे ऐकू नये. दिवसाला पाच क्विंटल वाळवता येत असतील तर तासाला पाच क्विंटलच्या यंत्राचा उपयोग नाही.

यंत्र घेताना विक्रेत्याच्या नमुन्याच्या तुरीवर चाचणी पाहू नये. स्वतःची ५० किलो तूर आधी तेल-पाणी देऊन, वाळवून सोबत न्यावी आणि समोर भरडून डाळ, चुरी, पीठ आणि न सोललेले दाणे वेगवेगळे मोजावेत. डाळ ३५ किलोपेक्षा कमी आली तर रोलर किंवा चाळणी बदलून पुन्हा चाचणी मागावी. पट्ट्यावर लोखंडी जाळी आहे की नाही हेही त्याच वेळी पाहावे. यंत्राजवळ काम करताना पदर खोचलेला, केस बांधलेले आणि नाकातोंडावर फडके असावे, कारण टरफलाची भुकटी दिवसभर उडते. कोंडा बाहेर सोडणारा नळ खोलीच्या भिंतीपलीकडे काढला तर हा त्रास बराच कमी होतो.

पुढच्या बैठकीत घरांची यादी आणि खळ्याची जागा, या दोनच विषयांवर बोलावे. यादी दिवाळीपूर्वी पूर्ण झाली तर यंत्र डिसेंबरमध्ये बसवून, पहिला लॉट जानेवारीत सदस्यांच्या स्वतःच्या तुरीचा काढता येईल. त्यात हात चुकला तर नुकसान घरातच राहते, आणि दुसऱ्याची तूर घेण्याआधी डाळ किती निघते हा आकडा आपल्याला कळलेला असतो.